राजाच्या दारातली घंटा: ‘सियासतनामा’ आणि न्यायी राज्य – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘राजांसाठी आरसे’ हा काय प्रकार आहे?

विद्वानाने, वजिराने किंवा धर्मपंडिताने राज्यकर्त्यासाठी लिहिलेलं उपदेशपर पुस्तक. आरसा हा शब्द युरोपातून आला. सेनेकाने इ.स. ५५-५६ च्या सुमारास कोवळ्या वयातल्या नीरोसाठी दयेवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की मी तुझ्यापुढे आरशासारखा उभा राहणार आहे. मध्ययुगात युरोपात अशा पुस्तकांना सर्रास ‘आरसा’ म्हणू लागले. फारसी आणि अरबी जगात याच जातीचं लेखन ‘नसीहत’ म्हणून ओळखलं जातं.

एक गैरसमज आधी दूर करतो. आरसा म्हटलं की वाटतं, राजाला त्याचा खरा चेहरा दाखवणार. प्रत्यक्षात ही पुस्तकं राजा कसा दिसायला हवा ते दाखवतात, आणि खऱ्या चेहऱ्यावरचे डाग त्याने स्वतःच ओळखावेत अशी अपेक्षा ठेवतात. थेट बोललं तर जीव जाईल, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असे.

एवढ्या पुस्तकांमधून इथे ‘सियासतनामा’च का निवडलं?

कारण अकराव्या शतकातलं हे फारसी उपदेशपर पुस्तक लिहिणाऱ्याने स्वतः राज्य चालवलं होतं. निजाम-उल-मुल्क ही त्याची पदवी. मूळ नाव हसन, जन्म १०१८ चा, खुरासानातल्या तूस भागातला. सेल्जुक सुलतान अल्प अर्सलान आणि त्याचा मुलगा मलिकशाह या दोघांचा मिळून तो जवळजवळ तीस वर्षं वजीर होता. सेल्जुक मुळात मध्य आशियातले भटके तुर्क. त्यांच्या हाती इराण आला, पण हिशेब, सारा आणि पत्रव्यवहार चालवायला लागणारी माणसं इराणीच होती. निजाम हा त्या कारकुनी वर्गाचा मुकुटमणी.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे की मलिकशाहने आपल्या काही जाणत्या लोकांना सांगितलं: आपल्या राज्यात काय चुकतंय, कुठली जुनी चांगली रीत आपण सोडली आहे, ते लिहून आणा. त्यातून निजामचं लेखन पसंत पडलं. आधी ३९ प्रकरणं झाली, नंतर त्याने ११ वाढवली. एकूण ५०. काही अभ्यासक पुस्तकाच्या आजच्या रूपात इतरांचा हात किती, यावर वाद घालतात. पण त्यातला कारभार अकराव्या शतकातल्या सेल्जुक दरबाराचाच आहे.

या पुस्तकात ‘न्याय’ म्हणजे काय? कायद्याचं राज्य?

नाही, आणि इथेच आजचा वाचक फसतो. फारसीत न्यायाला ‘दाद’ म्हणतात. आपण मराठीत ‘दाद मागणे’, ‘दाद लागणे’ म्हणतो ते तिथूनच आलं. फिर्याद, जुलूम, रयत, वसूल, वजीर हे सगळे शब्दही आपण रोज वापरतो. त्यामुळे या पुस्तकाच्या गाभ्यापर्यंत मराठी वाचक पटकन पोचू शकतो. तिथे न्याय म्हणजे दाद लागणं. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस राजापर्यंत पोचला पाहिजे आणि राजाने त्याच्यावरचा जुलूम दूर केला पाहिजे.

काझीचं न्यायालय वेगळं होतं. ते शरियतच्या नियमांनी, साक्षीपुराव्यांनी चाले. पण जुलूम करणारा स्वतःच सुभेदार किंवा सेनापती असेल, तर काझी त्याचं काय वाकडं करणार? अशा तक्रारींसाठी राजा स्वतः बसत असे. त्या दरबाराला ‘मजालिम’ म्हणत, म्हणजे जुलमांची सुनावणी. तिसऱ्या प्रकरणात निजाम सांगतो की राजाने आठवड्यातून दोन दिवस असं बसलंच पाहिजे, आणि रयतेचं म्हणणं मधे कुणालाही न घेता स्वतःच्या कानाने ऐकलं पाहिजे.

‘मधे कुणालाही न घेता’ हे चार शब्द बारकाईने पाहा. त्याच प्रकरणात इराणच्या एका बहिऱ्या राजाची गोष्ट आहे. त्याला वाटलं की फिर्यादी काय बोलतात ते सांगणारे आपले लोक भलतंच काही सांगत असतील. मग त्याने हुकूम काढला की फिर्याद असलेल्यानेच लाल कपडे घालायचे, बाकी कुणी नाही. तो हत्तीवर बसून मोकळ्या मैदानात उभा राही. गर्दीत लाल दिसलं की त्या माणसाला बोलावून घेई, आणि मग तो माणूस मोठ्याने ओरडून आपलं गाऱ्हाणं सांगे.

दुसरी गोष्ट बुखाऱ्याचा राजा इस्माइल सामानी याची. कडाक्याची थंडी आणि बर्फ पडत असेल त्या दिवशी तो मुद्दाम एकटा घोड्यावर बसून चौकात जाई आणि दुपारच्या नमाजापर्यंत थांबे. त्याचं म्हणणं असं की ज्याच्याकडे पैसे नाहीत, राहायला जागा नाही, असा कुणी गाऱ्हाणं घेऊन आला असेल, तर बर्फामुळे तो माझ्या दारापर्यंत यायचा नाही.

तक्रार पोचण्यावर एवढा भर का? राजाकडे अधिकारी नव्हते का?

होते, आणि तीच अडचण होती. चौथ्या प्रकरणात राजा बहराम गूर आणि त्याचा वजीर यांची गोष्ट येते. वजिराचं नावच ‘रास्त रविश’, म्हणजे सरळ चालीचा. तो राजाला सांगतो की रयत माजली आहे, तिला वचकात ठेवायला हवं. त्या नावाखाली तो लोकांना तुरुंगात टाकतो आणि पैसे उकळतो. राजा शिकारीत आणि मद्यात गुंग. एक दिवस शत्रू चालून येतो, तेव्हा खजिन्यात काही नाही, सैन्यात दम नाही, आणि काय चुकलं ते सांगायची कुणाची हिंमत नाही.

काळजीत पडलेला राजा एकटाच घोड्यावरून भटकत एका धनगराच्या तंबूपाशी येतो. बाहेर एक कुत्रा फासावर लटकवलेला. का, म्हणून विचारतो. धनगर सांगतो: हा माझा विश्वासू कुत्रा होता. पण कळप रोज घटू लागला आणि चोर काही सापडेना. मी लपून पाहिलं, तर एक लांडगी आली, कुत्रा तिच्याजवळ गेला, दोघांचं जमलं. मग हा कोपऱ्यात जाऊन झोपला आणि ती मेंढी घेऊन गेली.

राजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो: रयत हा कळप आणि वजीर हा कुत्रा. पण पुढे तो जे करतो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लगेच वजिराला न मारता तो तुरुंगातल्या कैद्यांची यादी मागवतो आणि एकेकाला ‘तुला का धरलं?’ असं विचारतो. कुणाची बाग वजिराला आवडली होती, कुणाचा पैसा. खरे गुन्हेगार थोडेच निघतात. पुढे वजिराच्या कागदांत शत्रूशी चाललेला पत्रव्यवहारही सापडतो. कारभार बिघडल्याची खूण कुठे शोधायची, हे या गोष्टीत सांगून टाकलं आहे. हिशेबाच्या वह्या लबाड कारभाऱ्याच्याच हातच्या, त्यामुळे खरी बातमी तुरुंगात मिळते.

‘इक्ता’ म्हणजे काय, आणि त्यात काय बिघडत होतं?

सैनिकांना आणि सरदारांना रोख पगार देण्याऐवजी एखाद्या भागाचा सारा गोळा करून घेण्याचा हक्क दिला जाई. तो इक्ता. जमीन त्यांची होत नसे, मिळे तो फक्त वसूल. पण ज्याच्या हाती तलवार आणि वसूल दोन्ही, तो हळूहळू गावाचा मालक असल्यासारखा वागू लागतो.

पाचव्या प्रकरणात निजाम याची हद्द आखून देतो. इक्तादाराचा रयतेवर हक्क एवढाच, की ठरलेला सारा चांगुलपणाने घ्यावा. तो दिल्यावर रयतेचा जीव, पैसा, बायकामुलं, सामान आणि शेत यांना त्याने हात लावता कामा नये. कुणाला दरबारात येऊन गाऱ्हाणं सांगायचं असेल तर त्याला अडवायचं नाही. अडवलं तर इक्ता काढून घ्यायचा. शिवाय दोन-तीन वर्षांनी अंमलदार आणि इक्तादार बदलत राहायचे, म्हणजे कुणी पाय रोवून बसणार नाही.

याचा तोटाही होता, पण तो निजाम बोलून दाखवत नाही. ज्याला ठाऊक आहे की तीन वर्षांनी आपल्याला जायचंय, तो विहिरी कशाला खोदेल? तो तेवढ्यात मिळेल ते ओरबाडेल. मुळं रुजू दिली तर बंडाची भीती, नाही दिली तर ओरबाडण्याची. यावर नेमका उपाय त्या काळात कुणालाच सापडला नव्हता.

म्हातारी आणि घंटेची गोष्ट नेमकी काय आहे?

याच पाचव्या प्रकरणात ती येते. राजा नौशेरवान, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या सासानी घराण्यातला, इ.स. ५३१ ते ५७९ या काळातला बादशहा पहिला खुस्रो. त्याच्या अझरबैजानच्या सेनापतीला शहराजवळ वाडा आणि बाग करायची असते. मधेच एका म्हातारीचा जमिनीचा तुकडा येतो. त्यातून तिला रोज चार रोट्या सुटत. एक देऊन ती कालवण घेई, एक देऊन दिव्याचं तेल, आणि उरलेल्या दोन सकाळ-संध्याकाळी खाई. ती जमीन विकायला तयार नसते. सेनापती जमीन दडपतो. किंमत दे, नाहीतर बदली जमीन दे, एवढंच ती मागते. तो लक्ष देत नाही.

ती अझरबैजानहून राजधानी मदाइनपर्यंत जाते. वाड्यात कुणी आत घेणार नाही हे तिला कळतं, म्हणून ती राजा शिकारीला बाहेर पडण्याची वाट पाहते आणि रानात त्याला गाठून अर्ज देते. राजा ऐकतो, पण लगेच निकाल देत नाही. तिची राहण्याची सोय करतो आणि एका विश्वासू गुलामाला अझरबैजानला पाठवतो. तिकडची पिकं कशी आहेत ते पाहायला गेलाय, असं बाहेर सांगायचं. गुलामाने गल्लोगल्ली फिरून म्हातारीची चौकशी करायची. तो परत येऊन सांगतो की ती बोलली ते अक्षरशः खरं आहे.

मग राजा भरदरबारात सरदारांना विचारतो की त्या सेनापतीकडे सोनं-नाणं किती, जमीनजुमला किती, गुलाम किती. यादी लांबत जाते. एवढं असूनही ज्याने एका दुबळ्या म्हातारीच्या रोट्या हिसकावल्या, त्याला काय शिक्षा द्यावी? सगळे म्हणतात, कडक. सेनापतीची कातडी सोलली जाते, तिच्यात पेंढा भरला जातो.

त्यानंतर राजा वाड्याच्या दारात घंटा बांधलेली साखळी लावायला सांगतो, सात वर्षांच्या पोराचाही हात पोचेल इतकी खाली, म्हणजे फिर्यादीला द्वारपालाची मनधरणी करावी लागणार नाही. साडेसात वर्षं साखळी कुणी ओढत नाही. मग एक दिवस घंटा वाजते. नोकर धावतात, तर एक म्हातारं, खरजुलं गाढव साखळीला पाठ घासत उभं. राजा म्हणतो, तेही दादच मागायला आलंय. बाजारात फिरवून मालक शोधला जातो. तो एक धोबी. जवळजवळ वीस वर्षं राबवून घेतलं आणि आता काम होत नाही म्हणून हाकलून दिलेलं. त्याला हुकूम होतो: गाढव जिवंत आहे तोवर त्याला चारा घालायचा.

या गोष्टीतून न्यायी राज्याची कोणती कल्पना दिसते?

तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्ही एकसारख्या गोड नाहीत.

राजा म्हातारीवर दया दाखवतो, पण तिचा शब्द तपासूनही घेतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडूनच अहवाल मागवत नाही. आपला माणूस पाठवतो, खोटी सबब देऊन पाठवतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माहिती काढतो. ही कारभारातली खरी शहाणीव आहे, आणि तीस वर्षं वजिरी केलेल्या माणसालाच ती सुचावी.

दुसरं म्हणजे गोष्टीत काझी कुठेच नाही. आरोपीला बोलू दिलं जात नाही. जमीन लाटल्याबद्दल कातडी सोलण्याची शिक्षा कुठल्या कायद्यात बसते, हे कुणी विचारत नाही. इथला न्याय एका माणसाच्या मर्जीतून येतो. ती मर्जी आज म्हातारीच्या बाजूने आहे, एवढंच.

तिसरं घंटेबद्दल. साडेसात वर्षं ती वाजली नाही, याचा अर्थ जुलूम संपला असा आपण घ्यावा, अशी गोष्ट सांगणाऱ्याची इच्छा आहे. मला तो अर्थ पटत नाही. अझरबैजानातल्या दुसऱ्या म्हातारीला मदाइनची वाट परवडली नसेल, किंवा पेंढा भरलेली कातडी पाहून फिर्यादीच घाबरले असतील. घंटा वाजत नाही याची दोन कारणं असू शकतात, आणि वाड्यात बसून ती वेगळी करता येत नाहीत.

निजामला हे कळत होतं असं मला वाटतं. कारण दहाव्या प्रकरणात दूरवर लुटारूंनी लुबाडलेली एक बाई गझनीच्या महमूदकडे दाद मागते. तो विचारतो, ते ठिकाण आहे तरी कुठे? ती सुनावते: जेवढ्याची खबर ठेवता येईल आणि जेवढं सांभाळता येईल, तेवढाच मुलूख घ्या.

मग हेर ठेवणं हा उपाय होता का?

निजामच्या मते होय. जागोजागी खबर देणारे असावेत आणि त्यांचा पगार थेट खजिन्यातून जावा. पण त्याने स्वतःच्याच मालकाचं उलटं मतही प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. अल्प अर्सलानला कुणीतरी विचारलं, तुम्ही बातमीदार का ठेवत नाही? तो म्हणाला, मी बातमीदार नेमला की जे माझे खरे मित्र आहेत ते आपल्या निष्ठेच्या भरवशावर त्याला विचारणारही नाहीत, लाचही देणार नाहीत. माझे शत्रू मात्र त्याच्याशी दोस्ती करतील, त्याला पैसे चारतील. मग माझ्या कानावर मित्रांबद्दल वाईट आणि शत्रूंबद्दल चांगलं येत राहील. बोलणं बाणासारखं असतं, बरेच सोडले की एखादा लागतोच. हळूहळू मित्र दूर जातील आणि शत्रू जवळ येतील.

निजाम हे सांगून पुढे म्हणतो की तरीही हेर असावेत. सुलतानाचा युक्तिवाद तो खोडत नाही, कारण तो खोडण्यासारखा नाही.

राजाने न्यायी का असावं? केवळ पुण्यासाठी?

पुण्य आहेच, कयामतीच्या दिवशी जाब द्यायचा आहे. पण या सगळ्या परंपरेचा कणा एका रोकड्या हिशेबाचा आहे. सैन्याशिवाय राजा नाही, पैशाशिवाय सैन्य नाही, पिकल्याशिवाय पैसा नाही, आणि रयतेला न्याय मिळाल्याशिवाय पिकत नाही. याला ‘न्यायाचं चक्र’ म्हणतात. शेतकरी पळून गेला तर शेत ओसाड पडतं आणि शिपायाचा पगार थांबतो. यात रयतेचा हक्क म्हणून काही नाही. ती सांभाळायची ती राज्य तिच्यावर उभं आहे म्हणून.

याच हिशेबातून निजाम ते प्रसिद्ध वचन देतो की धर्म नसला तरी राज्य टिकतं, जुलूम असला तर टिकत नाही. म्हणून कट्टर सुन्नी वजिराच्या पुस्तकात अग्निपूजक नौशेरवान हा आदर्श राजा म्हणून मिरवतो.

या गोष्टी खऱ्या घडल्या होत्या का?

त्या सासानी इराणचा पुरावा म्हणून वाचू नयेत. नौशेरवानचा सेनापती अगदी सेल्जुक सरदारासारखा वागतो, आणि ती खूण पुरेशी आहे. निजाम जुन्या कपड्यांत आपल्या काळातली माणसं उभी करतोय. मलिकशाहला ‘तुमचे इक्तादार जमिनी लाटतात’ असं सांगण्यापेक्षा पाचशे वर्षांपूर्वीचा राजा पुढे करणं सोयीचं होतं. या गोष्टींतून कळते ती अकराव्या शतकातली काळजी.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’शी याचं काही नातं आहे का?

थेट नातं दाखवता येत नाही, पण दुखणं तेच. कौटिल्य सांगतो की राजाने कामासाठी आलेल्यांना दारात ताटकळत ठेवू नये. ज्या राजाचं दर्शन दुर्मीळ, त्याच्याकडून जवळचे लोक उलटसुलट कामं करवून घेतात. फरक असा की कौटिल्य अफरातफरीचे चाळीस प्रकार मोजून दाखवतो, तर निजाम गोष्ट सांगतो.

निजाम-उल-मुल्क स्वतः निष्पक्ष होता का?

नव्हता. त्याची मुलं आणि जावई मोक्याच्या जागांवर होते. मलिकशाहने या पसाऱ्याबद्दल कानउघाडणी केली, तेव्हा त्याने उत्तर पाठवलं म्हणतात की माझी दौत आणि तुझा मुकुट एकमेकांना बांधलेले आहेत. अशा माणसाने ‘वजीर म्हणजे लांडगीला सामील झालेला कुत्रा’ ही गोष्ट लिहावी, यात धाडस आहे की निर्ढावलेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर वाढवलेल्या भागात तर राग उघडच दिसतो. एका माणसाला दोन हुद्दे देऊ नयेत हा नियम ऐकायला चोख आहे, पण रोख दरबारातल्या प्रतिस्पर्ध्यांवर. बायकांच्या सल्ल्याने राज्य बुडतं या प्रकरणामागे मलिकशाहची राणी तुर्कान खातून आहे. वारस कोण, यावरून तिचं आणि वजिराचं वाकडं होतं. बातिनी, म्हणजे इस्माइली शिया पंथीयांवरची प्रकरणं तर द्वेषाने भरलेली आहेत. ज्या पुस्तकात गाढवालाही दाद लागते, त्यात त्यांना ती कुठेच लागत नाही.

मलिकशाहने हे पुस्तक वाचलं का?

प्रस्तावनेप्रमाणे आधीची प्रकरणं त्याला आवडली होती. पूर्ण पुस्तक मात्र त्याच्या हाती पडलं नाही. १०९२ मध्ये इस्फहानहून बगदादला निघताना निजामने हस्तलिखित दरबारी नक्कलनवीस मुहम्मद मगरिबी याच्याकडे ठेवलं, आणि आपलं काही बरंवाईट झालं तर ते सुलतानाला द्यायला सांगितलं. १४ ऑक्टोबरला नहावंदजवळ मुक्काम असताना त्याचा खून झाला. महिना-सव्वा महिन्यात मलिकशाहही गेला आणि मुलांमध्ये गादीसाठी लढाया लागल्या. नक्कलनविसाने पुस्तक बरीच वर्षं दडवून ठेवलं. मलिकशाहचा मुलगा मुहम्मद गादीवर आल्यावरच त्याने ते बाहेर काढलं.

खून करणारा बातिनी होता असं बहुतेक बखरकार लिहितात, काहींना संशय दरबारातल्या शत्रूंचा होता. वजिराची पालखी चालली असताना तो जवळ कसा पोचला, याबद्दल दोन हकिकती आहेत. एकीत तो सूफी फकिराच्या वेशात होता. दुसरीत हा उत्तर इराणच्या दैलम भागातला तरुण मदतीची याचना करत, गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसासारखा पुढे आला, आणि त्याला कुणी अडवलं नाही.